जुन्या गाडीच्या विक्रेत्याला ईमेल : भरलेला कनेक्टेड प्लॅन आणि अ‍ॅप नव्या मालकाला मिळतं का?

रंकाळ्याचा_वारा
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडची कॉम्पॅक्ट एसयूव्ही जवळजवळ पक्की केली आहे. पहिली नोंदणी मार्च 2022 ची, एकच मालक, पेट्रोल ऑटोमॅटिक, मागणी 9 लाख 40 हजार. गाडीत कंपनीचं सिम बसवलेलं आहे, म्हणजे मोबाईलवरून गाडी कुठे आहे ते दिसतं, लॉक करता येते, उन्हात एसी आधी चालू करता येतो. नवीन गाडीसोबत तीन वर्षं ही सेवा फुकट होती, पुढे पहिल्या मालकाने पैसे भरून वाढवली. जाहिरातीत "कनेक्टेड प्लॅन मार्च 2027 पर्यंत पेड" असं ठळक लिहिलंय आणि भावाच्या बोलणीत विक्रेत्याने तोच मुद्दा पुन्हा पुन्हा पुढे केला.

माझी बायको कोल्हापूर-सांगली एकटी ये-जा करते, बऱ्याचदा अंधार पडल्यावर. त्यामुळे लोकेशन आणि एसओएस बटण आम्हाला खरंच हवं आहे. 20 हजार टोकन देण्याआधी हा ईमेल पाठवणार आहे :

"नमस्कार, आपल्याकडील गाडी पसंत आहे. जाहिरातीत नमूद केलेला कनेक्टेड प्लॅन आणि मोबाईल अ‍ॅपचा अ‍ॅक्सेस गाडीसोबत मला ट्रान्सफर होईल का? कृपया कळवावे."

एवढं पुरेल का? अजून काही विचारायला हवं?

साताऱ्याचं_स्टिअरिंग
ईमेल कशाला? गाडी ताब्यात आली की स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जा, फॅक्टरी रिसेट मारा, आपल्या मोबाईलवर अ‍ॅप टाका, झालं. मी मागच्या वर्षी सेकंडहँड घेतली तेव्हा तेच केलं. आधीच्या मालकाचे ब्लूटूथचे फोन, नकाशातला घरचा पत्ता, सगळं साफ झालं.

मीनल_ठाणे
ट्रान्सफरच्या बाबतीत अगदी जागरूक राहा! आम्ही गाडी घेतली तेव्हा इन्शुरन्स नावावर करायचं राहून गेलं आणि पुढे क्लेमच्या वेळी फार त्रास झाला. विक्रीनंतर 14 दिवसांत विमा कंपनीला कळवा. फास्टॅग पण जुन्या मालकाच्याच खात्याला असतो, तो त्यांना बंद करायला लावा आणि स्वतःच्या केवायसीवर नवा घ्या.

रंकाळ्याचा_वारा
@मीनल_ठाणे, धन्यवाद, ते दोन्ही लिहून ठेवलंय. माझा प्रश्न मात्र मोबाईल अ‍ॅप आणि त्याच्या भरलेल्या प्लॅनबद्दल आहे.

चाकणचा_वर्कशॉपवाला
बरीच वर्षं एका डीलरशिपमध्ये गाडी डिलिव्हरीच्या वेळी ग्राहकांना अ‍ॅप जोडून द्यायचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साताऱ्याच्या मित्राने सांगितलं ते अर्धं बरोबर आहे. स्क्रीन रिसेट केली की गाडीच्या आत साठलेलं जातं. पण अ‍ॅप तुमच्या मोबाईलवरून थेट गाडीशी बोलत नाही. अ‍ॅप कंपनीच्या सर्व्हरला सांगतं, सर्व्हर गाडीतल्या सिमला निरोप देतो. "या चासी नंबरच्या गाडीचा मुख्य वापरकर्ता अमुक" ही नोंद सर्व्हरवर असते. स्क्रीन रिसेटने ती पुसली जाईलच असं नाही; काही मॉडेलमध्ये जाते, काहींत मुळीच जात नाही. गेली नसेल तर तुम्ही स्वतःच्या अ‍ॅपमध्ये चासी नंबर टाकला की "ही गाडी आधीच नोंदलेली आहे" असा निरोप येतो. आणि तोवर पहिल्या मालकाच्या मोबाईलवर तुमची गाडी कुठे उभी आहे ते दिसत राहतं.

आता तुमच्या ईमेलबद्दल. "ट्रान्सफर होईल का?" असं विचारलंत तर उत्तर येणार "हो सर, सगळं होतं." सेल्समन खोटं बोलतोय असं नाही, त्याला ठाऊकच नसतं. जुन्या गाड्यांच्या डीलरचं नाव त्या अ‍ॅपमध्ये कधी आलेलंच नसतं. खातं पहिल्या मालकाचं, सर्व्हर कंपनीचा. म्हणून विक्रेत्याला मत विचारू नका; त्याने कोणतं काम कधी करून द्यायचं आणि त्याचा पुरावा काय, ते विचारा.

नाशिकरोड_मोटर्स
मी याच धंद्यात आहे, म्हणून आमची बाजू मांडतो. गाडी आमच्याकडे येते तेव्हा पहिला मालक पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. चार महिन्यांनी गिऱ्हाईक आलं की त्याला फोन लावायचा, "साहेब, अ‍ॅपमधून गाडी काढा". कोण उचलतो? काही बदलीवर परगावी गेलेले, काहींचा नंबर बदललेला. गिऱ्हाईकाने गाडीचं इंजिन, टायर, सर्व्हिस हिस्ट्री बघावी. अ‍ॅप हा बोनस आहे, त्याच्यावर सौदा अडवू नये.

चाकणचा_वर्कशॉपवाला
@नाशिकरोड_मोटर्स, तुमची अडचण खरी आहे, पण तिच्यावर इलाज तुमच्याच हातात आहे. मालक गाडी द्यायला येतो, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करतो, दोन्ही चाव्या देतो, तेव्हाच त्याच्या मोबाईलवरून गाडी काढून घ्यायची. पाच मिनिटांचं काम. आणि जाहिरातीत "मार्च 2027 पर्यंत पेड" लिहून भाव मागितला असेल तर तो बोनस राहत नाही, विकलेल्या मालाचा भाग होतो.

वाई_ते_वॉर्सा
नोकरीसाठी परदेशी जाताना मी माझी गाडी विकली. विकल्यानंतर आठवडाभराने मोबाईलवर नोटिफिकेशन : "आपल्या गाडीचा दरवाजा उघडा राहिला आहे." मला वाटलं बिघाड असेल. अ‍ॅप उघडलं तर गाडी कुठल्याशा सोसायटीत उभी, नकाशावर इमारतीसकट दिसत होती. कोणीतरी अनोळखी माणूस, त्याचं कुटुंब, ते रोज कुठे जातात हे सगळं माझ्या हातात. मला फार अस्वस्थ वाटलं. मी तेव्हाच अ‍ॅपमधून गाडी काढली आणि ज्या डीलरला विकली त्याला कळवलं. नवीन मालकाला मात्र हे कधी समजलंच नसेल. म्हणून धागाकर्त्यांना सांगते, प्लॅन मिळो न मिळो, पहिल्या मालकाचं खातं सुटलं पाहिजे, हा मुद्दा वेगळा आणि जास्त गंभीर आहे.

साताऱ्याचं_स्टिअरिंग
हे वाचून आत्ता गाडीत जाऊन बघितलं. स्क्रीनवर कनेक्टेड सेवांच्या पानावर "सेवा सक्रिय नाही" असं येतंय. म्हणजे माझ्या गाडीत प्लॅन संपलेला होता, मी फक्त ब्लूटूथ जोडत होतो. माझं आधीचं उत्तर धागाकर्त्यांच्या गाडीला लागू होत नाही.

न्यूजर्सीचे_नाना
वाईच्या ताईंनी सांगितलं तसंच 2017 मध्ये इकडे गाजलं होतं. आयबीएमच्या सुरक्षा विभागातले चार्ल्स हेंडरसन यांनी आपली गाडी विकली होती. विकण्यापूर्वी गाडीतली सगळी माहिती पुसली. तरी पुढे कितीतरी काळ त्यांच्या मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये ती गाडी दिसत राहिली, शोधता येत होती, उघडता येत होती. माणूस सुरक्षेतला तज्ज्ञ, तरी गाडीच्या आतून पुसणं पुरलं नाही, कारण नोंद कंपनीच्या सर्व्हरवर.

अजून एक. फेब्रुवारी 2022 मध्ये इकडे एटीअँडटीने थ्रीजी नेटवर्क बंद केलं, तेव्हा अनेक जुन्या गाड्यांच्या कनेक्टेड सेवा कायमच्या गेल्या. प्लॅन कोणाच्याही नावावर असो, आतलं मोडेमच जुनं. 2022 च्या गाडीला तिकडे ही भीती आज वाटू नये, पण कोणी फार जुनी आयात गाडी घेत असेल तर मोडेम कोणत्या नेटवर्कचं ते विचारा.

रंकाळ्याचा_वारा
@चाकणचा_वर्कशॉपवाला, म्हणजे टोकन देण्याआधी पहिल्या मालकाला अ‍ॅपमधून गाडी काढायला सांगू का? मग मी निश्चिंत.

चाकणचा_वर्कशॉपवाला
थांबा! क्रम इथेच चुकतो. भरलेला प्लॅन दोन प्रकारे बांधलेला असू शकतो. एक, चासी नंबरला : मालक बदलला तरी उरलेले महिने गाडीसोबत राहतात. दोन, पैसे भरणाऱ्याच्या खात्याला : त्याने गाडी काढली की प्लॅनही गेला, तुम्हाला नव्याने भरावा लागतो. फुकटची पहिली वर्षं बहुधा गाडीसोबत राहतात. पुढे पैसे भरून वाढवलेल्या मुदतीचं काय, हे कंपनीगणिक आणि प्लॅनगणिक बदलतं. तुमच्या बाबतीत 2025 ते 2027 ही दोन वर्षं या दुसऱ्या गटातली आहेत.

काही अ‍ॅपमध्ये "गाडी काढा" दाबलं की "सध्याची सेवा समाप्त होईल" अशी सूचना येते. घाईत माणूस हो म्हणतो आणि मग परत फिरता येत नाही. म्हणून आधी त्या चासी नंबरबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर, मग खातं सोडणं.

आणि कंपनीकडून उत्तर मिळवायचं ते नोंदलेल्या मालकाने. तुम्ही कॉल सेंटरला फोन केलात तर तुमच्या नावाचं आरसी मागतील, आणि ते तुमच्याकडे अजून नाही. आरटीओतून नाव बदलून यायला काही आठवडे जाऊ शकतात. तेवढे दिवस गाडी तुमच्या दारात आणि अ‍ॅप दुसऱ्याच्या हातात, असं व्हायला नको. पहिल्या मालकाने स्वतः सोडलं तर आरसीची वाट न बघता बरंच काम पुढे सरकतं, कारण नव्या माणसाची पडताळणी पुष्कळदा गाडीच्या स्क्रीनवरचा कोड आणि ओटीपीने होते. केवायसी मात्र द्यावीच लागेल. गाडीत सिम आहे, आणि असं यंत्र आज कोणाच्या ताब्यात आहे ही नोंद अद्ययावत ठेवण्याच्या सूचना दूरसंचार विभागाने 2018 मध्येच दिल्या आहेत.

डोंबिवली_फास्ट_लेन
2023 पासून अधिकृत जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी मिळाली आणि गाडी त्याच्याकडे असेपर्यंत तोच मालक मानला जातो ना? मग तोच कंपनीला सांगून अ‍ॅप सोडवू शकतो. पहिल्या मालकाची गरजच काय?

चाकणचा_वर्कशॉपवाला
@डोंबिवली_फास्ट_लेन, नियम तुम्ही म्हणता तसाच आहे, एप्रिल 2023 पासून. पण तो वाहन नोंदणीचा नियम आहे. कंपनीच्या सर्व्हरला तो आपोआप कळत नाही. असा डीलर पहिल्या मालकाने दिलेलं सूचनापत्र जोडून कंपनीकडे अर्ज करू शकतो. कंपनी ते मान्य करेल की नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. मी मान्य झालेलंही पाहिलंय आणि "नव्या मालकाचं आरसी आणा" म्हणून परत पाठवलेलंही.

मीनल_ठाणे
मग त्यांनी ईमेलमध्ये नेमकं लिहायचं काय? एवढं सगळं सांगितलंत तर मसुदाच द्या ना.

चाकणचा_वर्कशॉपवाला
घ्या. रंकाळ्याच्या मित्रा, तारखा आणि नंबर तपासून तुम्ही भरा.

*विषय : गाडी क्र. …… (चासी क्र. शेवटचे सहा : ……) – कनेक्टेड प्लॅन आणि अ‍ॅपबाबत, टोकन देण्यापूर्वी*

*नमस्कार,*

*या गाडीच्या जाहिरातीत कनेक्टेड प्लॅन मार्च 2027 पर्यंत भरलेला असल्याचे नमूद आहे आणि ठरलेल्या किमतीत तो धरलेला आहे. टोकन देण्यापूर्वी पुढील गोष्टींचे उत्तर याच ईमेलवर हवे आहे.*

*नोंदणीकृत मालकाच्या अ‍ॅपमधील प्लॅनच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवावा. त्यात चासी क्रमांकाचे शेवटचे अंक, प्लॅनचे नाव आणि संपण्याची तारीख दिसावी. मोबाईल नंबर व पत्ता झाकलेला चालेल.*

*मालक बदलल्यावर उरलेली मुदत गाडीसोबत राहते की संपते, याबद्दल कंपनीच्या ग्राहक सेवेचे या चासी क्रमांकासाठीचे लेखी उत्तर मालकामार्फत मिळवून द्यावे. हे उत्तर येईपर्यंत अ‍ॅपमधून गाडी काढू नये.*

*डिलिव्हरीच्या दिवशी, शेवटचा हप्ता देण्यापूर्वी, मालकाने स्वतः किंवा व्हिडिओ कॉलवर गाडी आपल्या खात्यातून काढावी, कुटुंबातील इतरांना दिलेला अ‍ॅक्सेस व डिजिटल चावी असल्यास तीही रद्द करावी आणि प्लॅनचे आपोआप होणारे नूतनीकरण बंद करावे. त्यानंतर मी त्याच ठिकाणी माझ्या खात्यात गाडी जोडून पाहीन.*

*उरलेली मुदत मला मिळणार नसेल तर तेवढ्या मुदतीच्या प्लॅनची कंपनीची आजची किंमत गाडीच्या किमतीतून वजा करावी. मालकाशी संपर्क होत नसल्यास तसे आताच कळवावे.*

नाशिकरोड_मोटर्स
असा ईमेल मला आला तर मी खरं सांगतो, पहिल्यांदा कपाळाला आठ्या पडतील. पण शेवटची ओळ चांगली आहे. मालक सापडत नसेल तर मी तसं सांगून टाकीन आणि भाव कमी करीन, दोघांचा वेळ वाचेल. फक्त "व्हिडिओ कॉल" ठेवलात ते बरं केलंत. मालकाला शोरूमवर बोलावणं जमत नाही.

वाई_ते_वॉर्सा
नूतनीकरणाचं वाक्य महत्त्वाचं. माझ्या कार्डावरून गाडी विकल्यानंतर पैसे कापले जाता जाता राहिले.

साताऱ्याचं_स्टिअरिंग
आणि त्याने खरंच काढली की नाही हे कसं कळणार? मला वाटतं, त्याला अ‍ॅपवरून लॉकचं बटण दाबायला सांगायचं. गाडी लॉक झाली नाही म्हणजे सुटली.

चाकणचा_वर्कशॉपवाला
पुन्हा अर्धं बरोबर! लॉक न होण्याची दुसरी कारणंही असतात. शोरूमच्या तळघरात नेटवर्क नसतं. गाडी बरेच दिवस उभी असेल तर गाडीची बॅटरी वाचवण्यासाठी सिमचा भाग झोपी जातो आणि निरोप पोचतच नाही. म्हणून गाडी उघड्यावर काढा, इंजिन चालू करून थोडी फिरवा, मग आधी मालकाकडून लोकेशन मागवून घ्या. ते आलं म्हणजे गाडी जागी आहे. आता त्याला खात्यातून काढायला लावा. त्यानंतर त्याच्या अ‍ॅपमध्ये गाडीच दिसत नसेल आणि तुमच्या अ‍ॅपमध्ये ती जोडली जात असेल, तरच समजा सुटली. तुमच्या अ‍ॅपवरून एक लॉक, एक अनलॉक करा आणि प्लॅनच्या पानावरची तारीख वाचा.

एसओएस बटण दाबून बघायचं असेल तर मात्र आधी ग्राहक सेवेला विचारा, ते थेट मदत केंद्राला लागतं. बऱ्याच गाड्यांत प्लॅन संपला की हे बटणही गप्प होतं, त्यामुळे तुमच्या घरच्यांसाठी ती तारीख नीट पाहाच.

न्यूजर्सीचे_नाना
इतक्या खटाटोपापेक्षा साधा जीपीएस ट्रॅकर बसवावा, असं मी म्हणतो. बायकोचं लोकेशन तर तिच्या मोबाईलवरूनही दिसतं.

मीनल_ठाणे
नाना, तिचं लोकेशन तिने स्वतः दिलं तर दिसावं. प्रश्न गाडी दुसऱ्या कोणाला दिसते, हा आहे. ट्रॅकर बसवला म्हणून जुन्या मालकाचं अ‍ॅप बंद होत नाही.

डोंबिवली_फास्ट_लेन
+1.

रंकाळ्याचा_वारा
मंडळी, मसुदा थोडा आखूड करून पाठवला होता. आज उत्तर आलं, जसंच्या तसं सांगतो. मालक सध्या बंगळुरूला आहेत, फोनवर बोलणं झालं, माणूस सज्जन वाटला. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. प्लॅनची तारीख मार्च 2027 खरीच आहे, पण प्लॅन खालच्या प्रकारचा निघाला : लोकेशन आणि एसओएस आहे, लांबून एसी चालू करण्याची सोय नाही. जाहिरातीत हे कुठेच नव्हतं.

कंपनीच्या ग्राहक सेवेने त्यांना लेखी कळवलं की मालक बदलल्यावर उरलेली मुदत गाडीसोबत राहील, मात्र नव्या मालकाने केवायसी पूर्ण केल्यावरच सेवा पुन्हा सुरू होईल. केवायसीला आरसी लागेल की खरेदीची पावती चालेल, हे त्या उत्तरात नाही. त्यांनी पुन्हा विचारलं आहे.

डीलरने एसीच्या सोयीपोटी 5 हजार कमी केले. डिलिव्हरीला व्हिडिओ कॉल ठरलाय. शेवटचा हप्ता अ‍ॅप जोडल्यावर, याला मात्र तो अजून तयार नाही. म्हणतो, केवायसी कंपनीकडे अडकली तर त्याचे पैसे का अडकावेत.

चाकणचा_वर्कशॉपवाला
त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. शेवटचा हप्ता "मालकाने गाडी खात्यातून काढल्यावर" असा बांधा. ते त्यांच्या हातात आहे. केवायसी तुमची आणि कंपनीची, तिच्यासाठी त्याला अडवू नका. मधल्या दिवसांत एसओएस बंद असेल हे धरून चाला.

नाशिकरोड_मोटर्स
हे मला मान्य. असं कोणी लिहून दिलं तर मीही सही करीन.

वाई_ते_वॉर्सा
केवायसीचं उत्तर आलं की इथे नक्की टाका. पावतीवर काम झालं तर आरसीची वाट बघणाऱ्या सगळ्यांनाच उपयोग होईल.

रंकाळ्याचा_वारा
टाकतो. टोकन उद्या देतोय, हप्त्याची अट चाकणवाल्यांनी सांगितली तशीच लिहिली आहे.